गाड्याचं चाक आणि चार मेणबत्त्या

1839 सालच्या 1 डिसेंबरला रविवार होता. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या वेशीबाहेर 'राउहेस हाउस' नावाचं एक घर होतं. वस्तीतली अनाथ, निराधार, रस्त्यावर वाढलेली मुलं तिथे राहत. हे घर 1833 साली सुरू करणारे योहान हिन्रिख विखर्न हे लुथरन पंथाचे तरुण धर्मोपदेशक. नाताळला किती दिवस उरले, हे मुलं त्यांना रोज विचारून विचारून भंडावत, असं सांगितलं जातं. विखर्न यांनी उत्तर तोंडी दिलं नाही. त्यांनी गाडीचं एक लाकडी चाक घेतलं आणि त्याच्या कडेवर मेणबत्त्या उभ्या केल्या: 20 लहान लाल आणि 4 मोठ्या पांढऱ्या. रोज संध्याकाळी एक लाल मेणबत्ती जास्त पेटायची, रविवारी पांढरी. ज्याला मोजता येत होतं त्याने न पेटलेल्या वाती मोजाव्यात, इतकं साधं उत्तर होतं ते.

तो आकडा तपासून पाहण्यासारखा आहे. 1 ते 24 डिसेंबर हे चोवीस दिवस होतात. त्यांत 1, 8, 15 आणि 22 हे चार रविवार. चोवीसातून चार गेले की वीस उरतात. चाकावरच्या मेणबत्त्या म्हणजे त्या वर्षाचं कॅलेंडरच होतं, आणि दुसऱ्या वर्षी ते जसंच्या तसं चाललं नसतं. नाताळच्या आधीच्या या काळाला मराठी ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. तो 30 नोव्हेंबरला, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाला, सर्वांत जवळ असलेल्या रविवारी सुरू होतो. तो रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांमध्ये कुठेही येऊ शकतो. त्यामुळे आगमनकाळ कधी 28 दिवसांचा असतो, तर कधी 22 दिवसांचाच. रविवार मात्र दरवर्षी चारच असतात.

म्हणून घरोघरी पोचताना या चाकावर चारच मेणबत्त्या उरल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाडीचं चाक मावणारही नव्हतं. लाकडाच्या जागी सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या फांद्यांचं कडं आलं. आधी प्रोटेस्टंट घरांत रुजलेली ही रीत हळूहळू कॅथलिकांनीही घेतली. 1925 साली कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये असं चक्र टांगल्याची नोंद आहे. आज वसईपासून अहिल्यानगरपर्यंत मराठी ख्रिस्ती समाजालाही ते ओळखीचं आहे. कुणी त्याला आगमनचक्र म्हणतं, कुणी सरळ अ‍ॅडव्हेंट रीथ. हे चक्र फार प्राचीन, ख्रिस्तपूर्व युरोपातल्या सूर्यपूजेतून आलं, अशीही गोष्ट ऐकू येते. पण ज्याचा माग नीट लागतो तो धागा विखर्न यांच्या चाकाशीच जातो.

हे मूळ लक्षात ठेवलं की घरातली प्रार्थना कशी असावी याचंही उत्तर मिळतं. ही उपासना मुलांसाठी, मुलांच्या प्रश्नातून जन्मली. ती लांबली की तिचा जीव जातो. वाचन, प्रार्थना आणि थोडी शांतता मिळून सात ते दहा मिनिटं पुष्कळ झाली.

चक्र बांधणं अवघड नाही. जर्मनीत त्यासाठी फर किंवा स्प्रूसच्या फांद्या घेतात. कोकणपट्टीत ते झाड शोधत बसण्याचं कारण नाही. मोरपंखीच्या फांद्या छान बसतात, अशोकाची किंवा आंब्याची पानंही चालतात. समुद्राकाठच्या गावांत सुरूच्या फांद्या सहज मिळतात आणि दिसायलाही फरच्या जवळच्या वाटतात, पण सुरू लवकर वाळतो आणि वाळला की भुरकन पेट घेतो. त्यामुळे हिरवळ दर शनिवारी बदलावी. बोटांत चुरडून पाहिल्यावर पानाचा चुरा झाला, तर ती फांदी मेणबत्तीजवळ ठेवायची नाही. कडं रुंद थाळीत किंवा परातीत बसवावं, मेणबत्त्यांचे बुंधे ओल्या वाळूत रोवावेत आणि पानं ज्योतीपासून चार बोटं तरी खाली राहतील असं पाहावं.

कॅथलिक घरांत चारपैकी तीन मेणबत्त्या जांभळ्या असतात आणि एक गुलाबी. जांभळा हा आगमनकाळात चर्चमधल्या वस्त्रांचाही रंग, तयारीचा आणि पश्चात्तापाचा. गुलाबी तिसऱ्या रविवारची, तिच्याकडे पुढे येऊच. जर्मन घरांत चारही लाल असतात. काही ठिकाणी मध्ये पाचवी पांढरी मेणबत्ती ठेवतात, ती नाताळच्या रात्रीची. चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावंही दिली जातात. ही नावं विखर्न यांच्या चाकावर नव्हती आणि त्यांचा क्रमही सगळीकडे एक नाही, म्हणून त्यावरून घरात वाद घालू नये. रंगांचंही तेच. चार पांढऱ्या मेणबत्त्या मिळाल्या तर त्यांच्या बुडाशी जांभळी आणि गुलाबी फीत बांधली तरी काम भागतं.

मेणबत्तीची उंची मात्र आधी मोजून घ्यावी, कारण बहुतेक घरांत अडचण इथेच येते. 2026 सालाचं उदाहरण घेऊ. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार 29 नोव्हेंबरला आहे, पुढचे 6, 13 आणि 20 डिसेंबरला. म्हणजे 24 तारखेपर्यंत 26 संध्याकाळी मिळतात. पहिली मेणबत्ती 26 वेळा पेटेल, दुसरी 19, तिसरी 12 आणि चौथी जेमतेम 5 वेळा. रोज पंधरा मिनिटं ज्योत ठेवली तर पहिली साडेसहा तास जळते आणि चौथी सव्वा तास. बाजारातली सडपातळ, लांब मेणबत्ती साधारण तासाला इंचभर सरते. पहिलीसाठी सहा इंचांची घेतली तर ती नाताळच्या आधीच संपेल. दहा इंचांची घेतली तर शेवटच्या संध्याकाळी तीन-साडेतीन इंच शिल्लक राहील. खात्री करायची तर त्याच खोक्यातली एखादी मेणबत्ती तासभर जाळून पट्टीने मोजावी.

हे मोजमाप मुलांकडून करून घेतलं तर आणखी चांगलं. चौथ्या आठवड्यात चारही मेणबत्त्या शेजारी शेजारी पायऱ्यांसारख्या दिसतात: सगळ्यांत बुटकी पहिली, सगळ्यांत उंच चौथी. किती दिवस वाट पाहिली ते मेणाच्या उंचीवरून वाचता येतं. विखर्न यांच्या चाकावर मुलं जे मोजत, तेच आता इंचांत मोजता येतं.

वेळ दिवेलागणीची किंवा रात्री जेवायला बसण्याआधीची ठेवावी. पंखा बंद करावा, नाहीतर एका बाजूने मेण ओघळतं आणि मेणबत्ती वाकडी होते. खोलीतला दिवाही मालवावा, कारण पहिल्या आठवड्यात एकाच ज्योतीचा उजेड किती कमी असतो हे मुलांना दिसायला हवं. अंधार कळल्याशिवाय चौथ्या आठवड्याचा उजेड कळत नाही. पहिल्या संध्याकाळी चक्राला आशीर्वाद द्यायचा असतो. त्यासाठी धर्मगुरूलाच बोलवावं लागतं असं नाही. कॅथलिक चर्चच्या अमेरिकेतल्या आशीर्वाद-ग्रंथात हा विधी घरी आई, वडील किंवा घरातलं कुणीही करू शकतं, अशी सोय आहे. क्रुसाची खूण करून मोठ्या माणसाने एवढं म्हटलं तरी पुरे:

"हे स्वर्गीय पित्या, या हिरव्या कड्याला आणि या चार मेणबत्त्यांना तुझा आशीर्वाद दे. तुझा पुत्र आमच्यात जन्मला, त्या रात्रीची आम्ही तयारी करतो आहोत. या ज्योतींभोवती बसणारं आमचं घर एकत्र राहू दे."

सगळे: "आमेन."

मेणबत्ती कोणी पेटवायची यावरून भावंडांत भांडणं होतात. ती टाळणारी एक रीत पुष्कळ घरांत आहे: पहिल्या आठवड्यात सगळ्यात धाकटं मूल, दुसऱ्यात थोरलं, तिसऱ्यात आई आणि चौथ्यात वडील. आजी-आजोबा घरात असतील तर वाचन त्यांच्याकडे द्यावं. वाचनासाठी जुन्या वळणाच्या भाषांतरातलं मराठी मुलांना जड जातं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' अशा वेळी हाताशी असलेलं बरं, कारण ते मोठ्याने वाचलं तरी अडखळायला होत नाही.

वाचन कोणतं निवडायचं? चर्चमधल्या रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं. 2026 च्या आगमनकाळापासून त्यातलं दुसरं वर्ष सुरू होतं आणि त्या वर्षी मार्ककृत शुभवर्तमानाला प्राधान्य असतं. सकाळी चर्चमध्ये ऐकलेलं तेच वाचन संध्याकाळी घरी चार-पाच ओव्यांपुरतं पुन्हा वाचलं, तर मुलांना ते ओळखीचं वाटतं. पुढचे चार आठवडे त्याच क्रमाने दिले आहेत. प्रार्थना घरात म्हणण्यासाठी साध्या शब्दांत लिहिल्या आहेत. मोठं माणूस सुरुवात करील आणि शेवटची ओळ सगळे मिळून म्हणतील.

पहिल्या रविवारचं वाचन मार्कच्या तेराव्या अध्यायातलं आहे, ओव्या 33 ते 37. नाताळच्या काळात मुलांना गोठा, मेंढपाळ, तारा ऐकायची सवय असते, आणि इथे त्यातलं काहीच नाही. एक माणूस परदेशी निघतो. घर नोकरांवर सोपवतो, प्रत्येकाला त्याचं काम लावून देतो आणि दारवानाला जागं राहायला सांगतो. मालक संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडं आरवताना येईल की उजाडता, हे कोणालाच ठाऊक नाही. ही गोष्ट ऐकल्यावर मुलं हमखास विचारतात, "मग दारवान झोपायचा कधी?" हा प्रश्न हसून सोडून देऊ नये. गोष्टीत प्रत्येकाला त्याचं त्याचं काम दिलेलं आहे. म्हणजे वाट पाहणारं घर रिकामं बसलेलं नाही, रोजची कामं चालू आहेत, फक्त कान दाराकडे आहे. मुंबईला कामाला गेलेल्या बाबांची वाट पाहणाऱ्या घराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वाचन झालं की धाकट्याने पहिली मेणबत्ती पेटवावी आणि मिनिटभर कोणी बोलू नये. मग:

"हे प्रभू, दूर गेलेल्या माणसाची घरचे वाट पाहतात तशी आम्ही तुझी वाट पाहतो. आमची कामं करता करता आम्हाला जागं ठेव. या आठवड्यात आमच्या दाराशी जो येईल त्याला आत घेण्याची बुद्धी दे. ही ज्योत लहान आहे. तिच्या उजेडात आम्हाला एकमेकांचे चेहरे नीट दिसू देत."

सगळे: "प्रभू, आमच्या घरी ये. आमेन."

दुसऱ्या रविवारी मार्कचा पहिलाच अध्याय, ओव्या 1 ते 8. उंटाच्या केसांचं वस्त्र नेसलेला, टोळ आणि रानमध खाणारा बाप्तिस्ता योहान मुलांना आवडतोच, त्यामुळे ऐकायला कोणी कंटाळत नाही. योहानाचा निरोप रस्ता तयार करण्याचा आहे आणि तो यशया संदेष्ट्याच्या जुन्या शब्दांना धरून येतो. रस्त्यातले दगड म्हणजे काय, हे घरात शोधायला लांब जावं लागत नाही. प्रार्थनेआधी प्रत्येकाने मनातल्या मनात एक नाव आठवावं: ज्याच्याशी या आठवड्यात अबोला धरला, किंवा ज्याला टाकून बोललो. नाव मोठ्याने सांगायची सक्ती नको, विशेषतः ती व्यक्ती समोरच बसलेली असेल तेव्हा.

"हे पित्या, तुझ्या येण्याच्या वाटेत आम्हीच काही दगड टाकले आहेत. ज्याला आम्ही दुखावलं त्याची आठवण दे आणि आधी त्याच्याकडे जायचं धैर्य दे. ज्यांनी आम्हाला दुखावलं त्यांच्याबद्दलचा राग आमच्या मनातून काढ."

सगळे: "प्रभू, आमची वाट मोकळी कर. आमेन."

तिसरा रविवार वेगळा आहे आणि त्यावर थोडा जास्त वेळ द्यावा. त्याचं लॅटिन नाव 'गौदेते', म्हणजे आनंद करा. हा शब्द संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातून घेतलेला आहे. त्या दिवशीच्या उपासनेची सुरुवात त्याने होते. जांभळ्या काळाच्या मध्यावर चर्चमध्ये गुलाबी वस्त्रं दिसतात, म्हणून घरातही गुलाबी मेणबत्ती. पश्चात्तापाच्या दिवसांत ही एक सुटी आहे असं मुलांना सांगितलं तरी चालेल, कारण अर्थ जवळपास तोच आहे. वाचन योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं: ओव्या 6 ते 8 आणि मग 19 ते 28. लोक योहानाला पुन्हा पुन्हा विचारतात, तू कोण? तो प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मी ख्रिस्त नाही, एलिया नाही, तो संदेष्टाही नाही. उजेडाकडे बोट दाखवणं एवढंच त्याचं काम.

इथे टेबलावरची मेणबत्ती उपयोगी पडते. मुलाला विचारावं, "तुला आता काय दिसतंय, मेणबत्ती की ताईचा चेहरा?" ज्योत स्वतःकडे बघायला लावत नाही, ती दुसरं काहीतरी दाखवते. सात वर्षांच्या मुलालाही हे पटकन समजतं, आणि योहानाबद्दल आणखी काही समजावून सांगायची गरज उरत नाही. मग प्रत्येकाने या आठवड्यात घडलेली एक चांगली गोष्ट सांगावी. शेजारच्या काकूंनी डबा पाठवला, गणितात पास झालो, आजीचं गुडघ्याचं दुखणं कमी झालं, काहीही चालेल. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर आनंदाच्या या रविवारी हसावंच असा आग्रह धरू नये. त्या माणसाची एखादी चांगली आठवण सांगितली तरी ती याच प्रार्थनेत बसते.

"हे प्रभू, आज आम्ही सांगितलेल्या सगळ्या चांगल्या गोष्टी तुझ्यापुढे ठेवतो. ज्यांच्यामुळे त्या घडल्या त्यांना आशीर्वाद दे. ज्या घरात आज दिवा लावायलाही मन होत नाही, त्या घराजवळ राहा, आणि जमेल तिथे आम्हालाच त्या घरी पाठव."

सगळे: "प्रभू, तुझ्या येण्याचा आम्हाला आनंद आहे. आमेन."

चौथ्या रविवारी लूकच्या पहिल्या अध्यायातली, 26 ते 38 या ओव्यांमधली गोष्ट येते: नाझरेथची मरिया आणि गब्रिएल दूत. ती सगळ्यांना माहीत असल्यामुळे घाईने वाचली जाते. वाचणाऱ्याने एका ठिकाणी थांबावं. दूताचं बोलणं ऐकून मरिया आधी घाबरते, मग प्रश्न विचारते आणि त्यानंतर होकार देते. प्रश्न विचारल्याबद्दल तिला कोणी रागावत नाही. घरातल्या किशोरवयीन मुलामुलींना हा भाग मुद्दाम वाचायला द्यावा.

"हे प्रभू, मरियेने तुला प्रश्न विचारला आणि मग होकार दिला. आमच्या मनातले प्रश्न तुझ्याजवळ बोलायला आम्हाला शिकव. जे काम तू आमच्यावर सोपवशील ते आम्हाला झेपेल असा भरवसा दे. ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्या सगळ्या आयांना सुखरूप ठेव."

सगळे: "प्रभू, तू सांगशील तसं होवो. आमेन."

आठवड्याच्या इतर दिवशी नवं वाचन शोधत बसू नये. रविवारी जितक्या मेणबत्त्या लावल्या तितक्याच पुन्हा लावाव्यात आणि त्याच आठवड्याची प्रार्थना म्हणावी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ती मुलांना पाठ होते आणि मग ती त्यांनीच म्हणावी. एखादी संध्याकाळ चुकते: परीक्षा असते, पाहुणे येतात, वीज जाऊन घरभर वेगळ्याच मेणबत्त्या लागतात. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोनदा प्रार्थना करायची गरज नाही. पूर्ण आठवडा गेला असेल तर मधल्या मेणबत्त्या गाळू नयेत. ज्या रविवारी पुन्हा सुरू कराल त्या रविवारी जितक्या पेटायला हव्यात तितक्या पेटवून पुढे चालावं.

एक घोळ दर काही वर्षांनी होतो. नाताळ सोमवारी आला की चौथा रविवार म्हणजेच 24 डिसेंबर. 2023 साली तसं झालं होतं आणि 2028 साली पुन्हा होईल. अशा वर्षी चौथ्या मेणबत्तीला आठवडा मिळतच नाही. संध्याकाळपासून नाताळची उपासना सुरू होते, म्हणून त्या दिवशी चौथी प्रार्थना सकाळी किंवा दुपारच्या जेवणाआधी उरकून घ्यावी आणि रात्र पांढऱ्या मेणबत्तीसाठी मोकळी ठेवावी.

2026 मध्ये ही अडचण नाही. चौथ्या मेणबत्तीच्या पाच संध्याकाळी होतील, आणि 24 च्या रात्री चर्चमधून परतल्यावर मधली पांढरी मेणबत्ती पेटेल. तेव्हा लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या चौदा ओव्या वाचायच्या. उशीर झालेला असतो, धाकटं मूल खांद्यावर झोपलेलं असतं, म्हणून प्रार्थना एका वाक्याची:

"हे प्रभू येशू, तू आलास, आमच्या घरात राहा."

दुसऱ्या दिवशी वाळलेल्या फांद्या काढून टाकल्या जातात आणि चार मेणबत्त्यांचे तुकडे डब्यात जातात. पांढरी मेणबत्ती गोठ्याशेजारी राहते, आणि तीन राजांच्या सणापर्यंत रोज जेवणाच्या वेळी पुन्हा पेटते.